दोन अंक, आठ प्रवेश: हालचाली, क्यू शीट आणि प्रवेशबदल यांच्या नोंदी

नाटक नवं आहे, दोन अंकी. स्थळं तीन: वाड्याचा सोपा, तहसील कचेरी आणि एसटी स्टँड. पहिल्या अंकात सोपा, कचेरी, स्टँड, सोपा असा क्रम आहे, दुसऱ्यात कचेरी, सोपा, स्टँड, सोपा. मध्यंतरातला बदल सोडला तर प्रेक्षकांच्या समोर सहा वेळा जागा बदलते. रंगमंचाचं तोंड ३२ फूट, खोली २४ फूट, दोन्ही बाजूंना चार-चार विंगा. बॅकस्टेजला माणसं चार.

३ नोव्हेंबर

संहितेतली कंसातली वाक्यं वेगळी काढली. लेखकाने एकाच कंसात तीन वेगवेगळ्या माणसांना सूचना दिलेल्या असतात. ‘सुमन खिडकीशी जाते, बाहेर पाऊस सुरू होतो, घरावर मळभ दाटतं’ यात पहिली सूचना नटीला आहे, दुसरी म्युझिकवाल्याला, तिसरी लाइटवाल्याला. असं प्रत्येक वाक्य फोडून ज्याचं त्याच्या नावावर टाकलं. जे कुणाच्याच नावावर जाईना (‘वातावरणात एक अनामिक हुरहूर’) ते दिग्दर्शकाकडे परत पाठवलं. ती सूचना तालमीत उपयोगाची असेलही, पण प्रयोगाच्या वहीत तिचं काम नाही.

वही अशी केली: संहितेचं पान डावीकडे, समोरचं पान कोरं. संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापायची, म्हणजे समोर जागा मिळते. सगळं पेन्सिलीने लिहायचं. पहिल्या दहा दिवसांत बसवलेल्या हालचालींतल्या निम्म्या पुढे बदलतात, आणि पेनने खोडाखोड केलेलं पान विंगेच्या अंधारात वाचता येत नाही.

६ नोव्हेंबर

डावं-उजवं आजच ठरवून टाकलं, कारण संहितेत ते प्रेक्षकांच्या बाजूने लिहिलेलं निघालं. वहीत सगळीकडे नटाचं डावं-उजवं, म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावरचं. ‘रस्त्याची विंग’ आणि ‘घरातली विंग’ अशी नावं देऊन पाहिली. सोप्याच्या प्रवेशात ती सोयीची वाटली, पण कचेरीत तीच ‘घरातली विंग’ साहेबांची खोली होते आणि सगळ्यांचा गोंधळ उडतो. शेवटी आकडेच ठेवले: उ१ ते उ४, डा१ ते डा४, १ म्हणजे प्रेक्षकांच्या सगळ्यांत जवळची.

रंगमंचाचे नऊ चौकोन केले. आधी अक्षरं वापरली होती, ‘पु’ म्हणजे पुढे, ‘म’ म्हणजे मध्य, ‘मा’ म्हणजे मागे. घाईत लिहिलेला ‘म’ आणि ‘मा’ यांत फरक कळत नाही. म्हणून पुढच्या ओळीत नटाच्या उजवीकडून डावीकडे १, २, ३, मधल्या ओळीत ४, ५, ६ आणि मागच्या ओळीत ७, ८, ९. लाइटवाल्यालाही हेच आकडे दिले. त्यामुळे ‘४ मध्ये उजेड’ म्हटलं की नट, दिवे आणि वही एकाच जागेबद्दल बोलतात.

हालचालीची नोंद अशी दिसते: ‘सुमन ६→२, "सातबारा कुणाच्या नावावर" या शब्दांवर निघते, "नावावर"ला पोचते.’ कुठून कुठे, कोणत्या शब्दावर निघायचं आणि कोणत्या शब्दावर पोचायचं, एवढंच. नुसतं ‘सुमन पुढे येते’ असं लिहिलं की तीन आठवड्यांनी ती बाजेच्या अलीकडून येते की पलीकडून यावर वाद होतो.

९ नोव्हेंबर

ग्राफच्या कागदावर १ फुटाला अर्धा इंच धरून तळाचा नकाशा काढला. तीन स्थळांचे तीन नकाशे ट्रेसिंग पेपरवर केले आणि एकावर एक ठेवून पाहिले. अडचणी इथेच दिसल्या. सोप्यातली बाज ६ मध्ये आणि कचेरीचं टेबल ५ मध्ये, दोन्हींचे कोपरे एकमेकांवर चढत होते. म्हणजे बाज हलल्याशिवाय टेबल ठेवता येणार नाही, आणि अंधारात एकाने दुसऱ्याची वाट पाहत उभं राहायचं. टेबल दीड फूट उजवीकडे, ४ च्या कडेला सरकवलं. आता दोन्ही कामं एकाच वेळी होतात.

कचेरीत अर्जदारांसाठी एक बाकडं आहे आणि स्टँडवरही बाकडं आहे. दोन्ही नकाशांत ते १ मध्ये बसवलं. तेच बाकडं, तीच जागा, म्हणजे दुसऱ्या प्रवेशाकडून तिसऱ्याकडे जाताना ते हलवायलाच नको. सोप्यातही ते ठेवून टाकावं म्हणजे कधीच हलवावं लागणार नाही, अशी सूचना आली होती. दिग्दर्शकाने नाही म्हटलं आणि बरोबर म्हटलं: तिन्ही ठिकाणी तेच बाकडं दिसलं तर प्रेक्षक त्यात अर्थ शोधत बसतात.

१३ नोव्हेंबर

तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीने रंगमंच आखून सहाही बदल घड्याळ लावून करून पाहिले, दिवे चालू ठेवून. आलेल्या वेळा (मिनिटं:सेकंद): सोपा–कचेरी २:४०, कचेरी–स्टँड १:१०, स्टँड–सोपा २:२०. दुसऱ्या अंकात कचेरी–सोपा २:३०, सोपा–स्टँड १:१५, स्टँड–सोपा १:५०. बेरीज ११ मिनिटं ४५ सेकंद. अंधारात यापेक्षा जास्तच लागणार. पावणेबारा मिनिटांचा काळोख कोणतंही नाटक पेलू शकत नाही.

वेळ उचलण्यात जात नव्हता, वाट अडण्यात जात होता. उ२ मधून टेबल आत येत होतं आणि त्याच विंगेतून बाज बाहेर जात होती. शिवाय विंगेत सामान तालमीला आणलं त्या क्रमाने रचलेलं होतं, त्यामुळे आधी लागणारं टेबल भिंतीला टेकलेलं आणि त्याच्यापुढे चार खुर्च्या. विंगेत सामान लावताना जे सगळ्यांत शेवटी लागतं ते आधी आत घालायचं, आणि परत येणाऱ्या सामानासाठी मोकळी जागा राखायची. ही मोकळी जागा हटकून विसरली जाते. सामान रंगमंचावरून सुटतं आणि विंगेच्या तोंडाशीच पडून राहतं.

१७ नोव्हेंबर

स्टँडचे दोन्ही प्रवेश रंगमंचाच्या पुढच्या आठ फुटांत आणले आणि त्यांच्यामागे काळा पडदा घेतला. जुन्या संगीत नाटकांत रस्त्याचा प्रवेश पुढच्या पडद्यावर होत असे आणि तेवढ्या वेळात मागे दरबार किंवा बाग लागत असे. तीच युक्ती आहे. तिसरा प्रवेश ८ मिनिटांचा आणि सातवा ९ मिनिटांचा. तेवढ्यात पडद्यामागे सोपा निवांत लागतो. सहा बदलांपैकी दोन अशा रीतीने जवळजवळ नाहीसे झाले.

पडदा दोन पाखांचा, पाइपला बांधलेला, दोरी डा२ मध्ये. पहिल्यांदा दोन्ही पाखं मधोमध नुसती भिडत होती. मागे कुणी चाललं की वाऱ्याने फट पडून सोपा दिसायचा. आता दीड फूट एकावर एक येतात. खालची कडा जमिनीपासून दोन इंच वर घेतली, नाहीतर पडदा सरकताना जमिनीवरची पेन्सिल, पदराची पिन, काहीही ओढून नेतो.

पडद्यामागचा आवाज मात्र पहिल्या रांगेत ऐकू येतो. बाजेच्या आणि टेबलाच्या पायांना जाड फेल्ट लावली. पडद्यामागे काहीही ओढायचं नाही, उचलायचंच, आणि बोलणं बंद. फेल्ट, चिकटवण्याचं साहित्य आणि पडद्याच्या जादा कड्या मिळून साधारण ११०० रुपये गेले.

१८ नोव्हेंबर

पडद्याने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा उभा केला. सुमन तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटच्या वाक्यापर्यंत रंगमंचावर आहे आणि उ१ मधून जाते. चौथ्या प्रवेशात ती आतल्या घरातून, म्हणजे डा३ मधून येते, सुरुवातीच्या चौथ्या वाक्याला, साडी बदलून. या थिएटरात मागची सायक्लोरामाची चादर भिंतीला लागून आहे, मागून जायला वाट नाही. बाहेरच्या बोळातून फिरून जायला दीड मिनिट.

तिचं जाणं डा१ कडे वळवलं. त्यासाठी एसटी डावीकडून येते असं करावं लागलं आणि बसच्या आवाजाचा स्पीकर डाव्या विंगेत न्यावा लागला. स्टँडची दिशा बदलली की सातवा प्रवेशही बदलतो: तिथे नंदू बसने जातो, आता तोही डा१ मधूनच, आणि आठव्यात तो उ२ मधून येतो. पण नंदूची बस प्रवेश संपायच्या दोन मिनिटं आधी सुटते. काळा पडदा तेव्हा बंद असतो, त्यामुळे तो पडद्यामागून सरळ चालत पलीकडे जाऊ शकतो.

हे सगळं एका तक्त्यात मांडलं: आडव्या ओळीत पात्र, उभ्या रकान्यात प्रवेश, प्रत्येक घरात ‘येतो कुठून, जातो कुठे, कपडे कोणते’. हा तक्ता हालचाली बसवायच्या आधीच करावा. इथे तो उशिरा केला आणि बसलेल्या दोन प्रवेशांच्या दिशा उलट्या कराव्या लागल्या, त्यात दोन तालमी गेल्या. साडीसाठी आतली साडी आधीच नेसून वरून प्रवासाची शाल, असा तोडगा निघाला. अंधाऱ्या विंगेत साडी नेसायला पंधरा सेकंद पुरत नाहीत, कितीही सराव करा.

२२ नोव्हेंबर

सोपा–कचेरी हा सगळ्यांत जड बदल. कचेरीची भिंत म्हणून वेगळा फ्लॅट आणण्याऐवजी ७–८ मधल्या सोप्याच्या फ्लॅटला बिजागरी लावून पुस्तकासारखं पान केलं. पान उघडलं की मागची कचेरी दिसते. फायलींचा रॅक त्या पानावरच, चार इंच खोलीचा, फायलींच्या फक्त पाठी चिकटवलेल्या. पान आठ फूट उंच आहे आणि पहिल्या चाचणीत ते उघडताना खालून घासलं, कारण रंगमंचाच्या फळ्या सपाट नसतात. खालून पाऊण इंच कापून कडेला एक छोटं चाक लावलं. पान उघडलं की वजन एका बाजूला जातं आणि अख्खा फ्लॅट पुढे झुकतो, म्हणून फ्लॅटला मागून आधार देणाऱ्या ब्रेसवर वाळूची पोती दोन.

चार माणसं क, ख, ग, घ. बदलाचा कागद असा:

क, ख: उ२ मधून टेबल आत, खुणेवर. परत जाताना ६ मधली बाज उचलून डा२ मधून बाहेर.
ग: उ३ मधून आत, पान उघडतो, खिट्टी लावतो. परत जाताना कंदील आणि पाट घेऊन उ३.
घ: उ१ मधून बाकडं आत, १ मध्ये. दुसरं टोक शिपाई धरतो आणि तो तिथेच उभा राहतो. परत जाताना तांब्या-भांडं घेऊन उ१.
कारकून आणि तहसीलदार: आपापली खुर्ची घेऊन येतात आणि तिच्यावरच बसतात.

कामाशिवाय कुणी आत यायचं नाही आणि रिकाम्या हाताने बाहेर जायचं नाही. प्रत्येकाची एकच फेरी. उ२ मधून फक्त आत, डा२ मधून फक्त बाहेर. क आणि ख आता डाव्या बाजूला अडकतात, पण त्यांचं पुढचं काम पडद्याच्या दोरीचंच आहे, ती डा२ मध्ये. अशी सांगड बसली की कागद बरोबर जमलाय असं समजावं. वेळ: या कागदाने आधी १:२५, चौथ्या सरावात ०:४८.

२६ नोव्हेंबर

क्यू, म्हणजे कोणत्या शब्दावर किंवा कृतीवर दिवे, म्युझिक, नेपथ्य बदलायचं त्याच्या खुणा, लिहायला घेतले. लाइट ४१, म्युझिक २६, नेपथ्य ७ (सहा बदल आणि मध्यंतर). आधी रंगीत पेन्सिली वापरल्या: लाइट लाल, म्युझिक निळं, नेपथ्य हिरवं. टेबलावर फार सुंदर दिसत होतं. विंगेतला दिवा निळ्या जिलेटिनचा, त्या उजेडात निळी अक्षरं कागदात विरून गेली आणि लाल काळी दिसू लागली. सगळं काळ्या जाड पेन्सिलीने पुन्हा लिहिलं, अक्षरांच्या खुणांसह: ला, म्यु, ने. ‘प्र’ वापरलं नाही, कारण ते प्रकाश की प्रवेश हे कळत नाही.

मध्ये नवा क्यू आला तर त्याला १२अ म्हणायचं, पुढचे आकडे बदलायचे नाहीत. आकडे बदलले की तीन माणसांच्या तीन कागदांपैकी एक जुनाच राहतो.

प्रत्येक क्यूच्या अर्धं पान आधी ‘स्टँडबाय’ची खूण. वॉकीटॉकीवर आकडा आधी आणि ‘गो’ शेवटी: ‘लाइट १४... गो.’ ‘गो लाइट १४’ म्हटलं की आकडा ऐकायच्या आतच हात पडतो. ‘गो’ हा शब्द प्रयोगभर दुसऱ्या कशासाठीही उच्चारायचा नाही, चेष्टेतसुद्धा.

३० नोव्हेंबर

क्यू ते क्यू तालीम. मधले संवाद गाळून फक्त क्यूच्या आगेमागे चार वाक्यं. ७४ पैकी ६२ क्यूंनाच साडेपाच तास लागले, सगळ्यांना मिळून धरले होते तीन. थिएटर सत्राने भाड्याने मिळतं, त्यामुळे दुसऱ्या अंकाचे शेवटचे बारा क्यू राहिले आणि ते हॉलमध्ये तोंडी घ्यावे लागले.

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो ला १९ ने. क्यू होता आबांच्या ‘बघू’ या शब्दावर. त्या पानावर आबा तीनदा ‘बघू’ म्हणतात आणि दिवे पहिल्यालाच गेले. एका शब्दावर क्यू ठेवायचा नाही, तीन-चार शब्दांचा तुकडा लिहायचा. त्याहून चांगली म्हणजे कृती: ‘आबा कडी लावतात.’ नट शब्द विसरतो, कडी विसरत नाही. मात्र लाइट ऑपरेटर प्रेक्षागृहाच्या मागच्या खोलीत बसतो. तिथून कडी दिसते ना, हे स्वतः तिथे उभं राहून पाहावं. आपल्या कडीपुढे सुमन उभी असायची. तिला ६ वरून ५ वर आणलं.

दुसरी अडचण बदलाच्या म्युझिकची. सोपा–कचेरीसाठी ४५ सेकंदांचा तुकडा कापून ठेवला होता. आज बदलाला ५३ सेकंद लागले आणि शेवटचे आठ सेकंद टेबलाचे पाय ऐकू आले. आता तुकडा दोन मिनिटांचा, आणि तो घड्याळावर संपत नाही, ‘सेट तयार’ आल्यावर उतरतो. ‘सेट तयार’ एकच माणूस म्हणतो, उ१ मधला. चार जणांनी चार वेळा ‘झालं’ म्हणायचं आणि ऑपरेटरने अंदाज बांधायचा, यातून दोनदा दिवे लागले तेव्हा ग फ्लॅटशी पाठमोरा उभा होता.

संपूर्ण काळोखाऐवजी मागून मंद निळा ठेवला. माणसं काळ्या कपड्यांत. प्रेक्षकांना हालचाल पुसट दिसते, पण काही आपटत नाही. काळोख फक्त पहिले तीन सेकंद, डोळ्यांना प्रवेश संपल्याचं कळण्यापुरता.

जमिनीवरच्या खुणा: प्रत्येक वस्तूच्या फक्त मागच्या दोन पायांना, इंचभराच्या काटकोनात. चारही पायांना पांढरी पट्टी लावली की बाल्कनीतून सगळा नकाशा दिसतो. रेडियमची पट्टी फक्त फ्लॅटच्या कडांना आणि पायरीला, प्रेक्षकांकडून न दिसणाऱ्या बाजूने.

२ डिसेंबर

वस्तूंचं टेबल दोन्ही बाजूंना एकेक. वर तपकिरी कागद, त्यावर प्रत्येक वस्तूचा आकार काढून नाव लिहिलेलं. रिकामा आकार दिसला की काय नाही ते लगेच कळतं. यादीत दोनच गोष्टी महत्त्वाच्या: वस्तू निघते कुठून आणि संपते कुठे. पाचव्या प्रवेशात वकील पत्र घेऊन उ१ मधून जातो, सहाव्यात तेच पत्र आबांच्या खिशात हवं आणि आबा डा३ मध्ये उभे. पत्राच्या दोन प्रती केल्या, घड्याही सारख्या. असा प्रत्येक तुटलेला धागा यादीतच सापडतो, तालमीत सापडत नाही, कारण तालमीत कुणीतरी नेऊन देतं.

घंटांना कामं जोडली. पहिल्या घंटेआधी दोन्ही टेबलं तपासून सही. दुसरीला पहिल्या प्रवेशातले नट जागेवर. तिसरी घंटा लाइट, म्युझिक आणि रंगमंच या तिघांचं ‘तयार’ आल्याशिवाय द्यायची नाही, बाहेरून व्यवस्थापक कितीही घाई करोत.

७ डिसेंबर

पहिला प्रयोग. बदलांच्या वेळा अनुक्रमे ०:४५, ०:०८, ०:१०, ०:५०, ०:२० आणि ०:१२. एकूण २ मिनिटं २५ सेकंद. पाचवा बदल (सोपा–स्टँड) २० सेकंदांच्या खाली येत नाही, कारण बाकडं तिथे नव्याने आणावं लागतं.

बिघाड दोन. सातव्या प्रवेशात डा१ चा स्पीकर पडद्याच्या पाख्यामागे गेला आणि बसचा आवाज दबला. स्पीकरची जागा आता जमिनीवर खूण करून, नेपथ्याच्या कागदात. दुसरा, चौथ्या प्रवेशासाठी पडदा उघडला तेव्हा घ बाज सरळ करत होता. दोरीवाल्या क ने वेळ पाहून दोरी ओढली, ‘मोकळं’ ऐकून नाही. आता पडद्यामागचा शेवटचा माणूस बाहेर पडताना क च्या खांद्याला हात लावतो, त्याशिवाय दोरी हलत नाही.

१० डिसेंबर

पुढचा प्रयोग वेगळ्या थिएटरात. तोंड २८ फूट, विंगा तीनच, मागे मात्र जायला वाट आहे. वहीतले उ४ आणि डा४ फक्त सामान ठेवायला होते, म्हणून एंट्री एकही बदलली नाही, पण विंगेतली रचना पुन्हा करावी लागली: खुर्च्या नटांच्या हाती आधीच, वाळूची पोती फ्लॅटमागेच. नकाशा रुंदीत चार फूट कमी करताना सगळं सारखं आखडलं नाही. बाज आणि टेबल यांच्यातलं अंतर तसंच ठेवलं, कारण दोन माणसं वस्तू घेऊन तिथूनच जातात, आणि तीन फुटांच्या खाली ती जात नाहीत. कमी केलं ते १ आणि ३ च्या बाहेरच्या कडांमधून, दोन-दोन फूट. मागून वाट असली तरी सुमन डा१ मधूनच जाईल. एका थिएटरापुरती दिशा बदलली तर तिसऱ्या थिएटरात ती कुठून निघेल याचा भरवसा नाही.